जर-तरच्या उत्तराचा गुण का गेला: पालकांना पत्र कसं लिहावं

नववीच्या भूमितीत सशर्त विधानं आणि व्यत्यास शिकवून झाले, चाचणीच्या उत्तरपत्रिका घरी गेल्या, की दोन-चार पालकांच्या चिठ्ठ्या ठरलेल्या. ‘उत्तर पुस्तकाप्रमाणेच आहे, मग गुण का कापला?’ आपण मधल्या सुट्टीत दैनंदिनीत दोन ओळी खरडतो: ‘व्यत्यास चुकला आहे. पाल्याकडून सराव करून घ्यावा.’ पालकांना शाळेतला व्यत्यास आता आठवत नसतो. मुलीला आपलं वाक्य पुस्तकात जसंच्या तसं सापडलेलं असतं. त्यामुळे या दोन ओळी वाचून दोघांचं एकच मत होतं की बाईंनी पेपर नीट तपासला नाही.

मीही अनेक वर्षं अशीच उत्तरं देत आले. नंतर पत्र लिहिण्याची एक पद्धत बसवली, तीच इथे देते आहे. सगळे टप्पे एकाच उत्तरावर करून दाखवते, कारण हे उत्तर दरवर्षी प्रत्येक तुकडीत सापडतंच.

प्रश्न तीन गुणांचा होता: ‘आयताचे कर्ण एकरूप असतात.’ हे विधान जर-तर रूपात लिहा. त्याचा व्यत्यास लिहा. व्यत्यास सत्य आहे की असत्य ते सकारण सांगा.

मुलीचं उत्तर असं होतं:

> जर चौकोन आयत असेल तर त्याचे कर्ण एकरूप असतात.
> व्यत्यास: जर चौकोनाचे कर्ण एकरूप असतील तर तो चौकोन आयत असतो.
> सत्य. कारण आयताचे कर्ण एकरूप असतात.

तीनपैकी दोन गुण मिळाले. आता पुढच्या टप्प्यांच्या क्रमाने चला.

## टप्पा १: पेन उचलण्याआधी उत्तरपत्रिका पुन्हा वाचा

पत्र लिहिताना मूळ उत्तरपत्रिका किंवा तिचा फोटो समोर हवाच. आठवणीवर विसंबून पत्र लिहिलं की एका मुलीची चूक दुसरीच्या नावावर पडते. जर-तरच्या उत्तरात तीन वेगवेगळ्या चुका होतात. लांबून तिन्ही सारख्या दिसतात, पण प्रत्येकीचं पत्र वेगळं होतं.

पहिली चूक म्हणजे जर-तर रूप लिहितानाच भाग उलटे होणं: ‘जर कर्ण एकरूप असतील तर चौकोन आयत असतो.’ इथे मूळ विधानातलं काय दिलेलं आहे आणि त्यावरून काय मिळतं, हेच मुलीला ओळखता आलेलं नाही.

दुसरी चूक एका अक्षराची आहे, आणि तपासताना ती आपल्याही नजरेतून सुटते. ‘जर चौकोन आयत असेल तरच त्याचे कर्ण एकरूप असतात.’ या ‘च’ने वाक्याचा अर्थ फिरतो. आता वाक्य म्हणतं की आयत सोडून कुणाचेच कर्ण एकरूप नसतात. म्हणजे मुलीने मूळ विधान लिहायला घेतलं आणि लिहून बसली व्यत्यासाचा अर्थ.

तिसरी चूक आपल्या उत्तरातली. पहिली दोन्ही वाक्यं अगदी बरोबर आहेत. व्यत्यास ‘सत्य’ ठरवला, आणि कारण म्हणून मूळ विधानच पुन्हा लिहिलं. गुण गेला तो इथे.

सावधान: पहिल्या प्रकारच्या उत्तरात मुलीने स्वतःच्या उलट्या वाक्याचा व्यत्यास नियमाने लिहिला असेल, तर तिच्या हातून ‘जर चौकोन आयत असेल तर कर्ण एकरूप असतात’ हे वाक्य पडतं आणि ते ती ‘सत्य’ ठरवते. तिच्या वाक्यापुरतं ते सत्यच आहे. अशा वेळी तिन्ही गुण कापले तर एकाच चुकीची शिक्षा तीनदा होते. माझ्या मते जर-तर रूपाचा गुण जावा, अदलाबदल करता येते याचा गुण मिळावा. सत्य-असत्यतेच्या गुणाचं काय करायचं ते विषय शिक्षकांनी एकदा बसून ठरवावं आणि सगळ्या तुकड्यांना तेच लावावं.

तपासा: प्रश्नपत्रिकेत ‘सकारण’ हा शब्द खरोखर छापला आहे ना? नसेल, तर कारण चुकलं म्हणून गुण कापता येणार नाही. पुन्हा वाचताना आपलीच चूक सापडली, तर आधी गुण दुरुस्त करा, सही करा आणि पत्रात तेवढंच कळवा.

## टप्पा २: चूक एका वाक्यात मांडा, पारिभाषिक शब्द न वापरता

कच्च्या कागदावर एक वाक्य लिहा. त्यात ‘व्यत्यास’, ‘सशर्त विधान’, ‘पूर्वांग’, ‘उत्तरांग’ यांपैकी एकही शब्द नको. आपल्या मुलीच्या बाबतीत ते वाक्य असं होतं:

‘तिने दिलेलं कारण खरं आहे, पण ते विचारलेल्या वाक्याचं कारण नाही, त्याच्या उलट वाक्याचं आहे.’

या वाक्याचा पहिला अर्धा भाग गाळू नका. पालकांची सगळी तक्रार त्या अर्ध्यावरच उभी असते. पुस्तकात ‘आयताचे कर्ण एकरूप असतात’ असं छापलेलं त्यांनी पाहिलं आहे, मुलीने तेच लिहिलं आहे, आणि त्यावर लाल शाईची फुली आहे. ते वाक्य खरं आहे हे आपण आधी मान्य केलं नाही, तर बाई पुस्तकालाच खोटं म्हणतायत असं त्यांना वाटतं आणि पुढचं ते वाचत नाहीत.

पालकांना समजेल असा एक दुवा आहे. प्रमेय सिद्ध करताना ‘पक्ष’ आणि ‘साध्य’ लिहितात हे बऱ्याच जणांना शाळेतलं आठवतं. ‘जर’चा भाग पक्षात जातो, ‘तर’चा साध्यात. मुलीला सिद्ध करायचं होतं की चौकोन आयत आहे. कारण देताना मात्र तिने चौकोन आयत आहे हे धरूनच सुरुवात केली. जे मिळवायचं होतं तेच तिने हातात धरलं.

हे वाक्य पाच-सहा प्रयत्नांतही जमत नसेल, तर चूक आपल्यालाच नीट दिसलेली नाही असं समजा आणि टप्पा १ वर परत जा.

## टप्पा ३: घरातलं उदाहरण निवडा, पण वचनाचं नको

सगळ्यात जास्त पत्रं इथे फसतात, म्हणून यावर थोडा जास्त वेळ घालवते.

समजावताना आपण पटकन म्हणतो, ‘समजा तुम्ही मुलीला म्हणालात, अभ्यास झाला तर खेळायला जा.’ उदाहरण घरचं आहे, सोपं आहे, पण ते उलटं शिकवतं. आई असं म्हणते तेव्हा मुलगी काय ऐकते? अभ्यास झाला तरच खेळायला जायचं. आईलाही तेच म्हणायचं असतं. वचन, अट, धमकी, बक्षीस अशा घरातल्या बोलण्यात ‘तर’ म्हटलं तरी ‘तरच’ ऐकायचं, ही सवय मुलांना लहानपणापासून लागलेली असते. मुलगी खेळताना दिसली की अभ्यास झाला असणार, असं आई बिनदिक्कत धरते, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं.

भूमितीत ‘तर’ म्हणजे फक्त ‘तर’. व्यत्यासाला ‘सत्य’ म्हणणारी मुलगी म्हणूनच आळशी नसते आणि तिचं लक्षही कमी नसतं. घरी रोज बरोबर ठरणारी सवय ती भूमितीच्या वहीत घेऊन आलेली असते. पालकांना हे सांगाच. त्यांना ते लगेच पटतं आणि मुलीवरचा रागही उतरतो.

मग उदाहरण कोणतं घ्यावं? जिथे ‘तर’मागे कुणाची इच्छा नसून नुसती वस्तुस्थिती असते, ते. मी हे वापरते:

‘जर पाऊस पडला असेल, तर अंगण ओलं असतं.’

उलट वाक्य होतं: ‘जर अंगण ओलं असेल, तर पाऊस पडला असतो.’ सकाळी दार उघडलं, अंगण ओलं आहे. पाऊस पडला असेल, किंवा आजीने सडा घातला असेल. सड्याची एक बादली उलट वाक्य पाडायला पुरते. आणि त्याने मूळ वाक्याला धक्काही लागत नाही. पाऊस पडला की अंगण ओलं होतं हे तसंच खरं राहतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पालकांना अंगणाऐवजी गॅलरी लिहा आणि सड्याऐवजी कुंड्यांना घातलेलं पाणी.

तपासा: निवडलेल्या उदाहरणात ‘तर’च्या जागी ‘तरच’ घालून मोठ्याने वाचा. वाक्य तितकंच खरं वाटलं, तर ते उदाहरण टाकून द्या. ‘पाऊस पडला तरच अंगण ओलं होतं’ हे ऐकताक्षणी खोटं वाटतं, म्हणून ते कामाचं आहे.

## टप्पा ४: प्रतिउदाहरण काढून द्या, नुसतं नाव सांगू नका

‘समद्विभुज समलंब चौकोनाचे कर्णही एकरूप असतात’ असं लिहिलं की आपल्या दृष्टीने विषय संपतो. पालकांसाठी तो तिथे सुरूच होत नाही. त्यांना पट्टीने मोजता येईल अशी आकृती द्या. मी ठरावीक मापं वापरते, कारण त्यात कर्ण पूर्णांकात येतात:

१. ६ सेमीचा आडवा रेषाखंड अब काढा.
२. अ पासून २ सेमीवर आणि ४ सेमीवर अशा दोन खुणा करा. गुण्या लावून दोन्ही खुणांवर ३ सेमी उंचीचे लंब काढा.
३. २ सेमीवरच्या लंबाच्या वरच्या टोकाला ड म्हणा, ४ सेमीवरच्या टोकाला क.
४. अड, डक आणि कब जोडा. लंब खोडून टाका.
५. आता कर्ण अक आणि बड पट्टीने मोजा.

दोन्ही कर्ण ५ सेमी भरतात. अ पासून क पर्यंत जायला आडवं ४ आणि उभं ३ सेमी जावं लागतं, ब पासून ड पर्यंतही तेवढंच. ३ आणि ४ चे वर्ग मिळवले की २५. म्हणजे कर्ण एकरूप आहेत. पण खालची बाजू ६ सेमी आणि वरची २ सेमी, त्यामुळे हा आयत नाही. शेजारी ४ सेमी बाय ३ सेमीचा आयत काढा. त्याचेही कर्ण ५ सेमीच भरतात. दोन्ही आकृत्यांचे कर्ण तेवढेच, चौकोन मात्र वेगळे. ही जोडी पाहिल्यावर मी अजून कुणाला हुज्जत घालताना पाहिलेलं नाही.

पट्टी-गुण्या हाताशी नसेल अशा घरासाठी खराट्याच्या दोन सारख्या लांबीच्या काड्या पुरतात. त्या बरोबर मध्यावर एकमेकींवर ठेवल्या आणि चारही टोकं मनातल्या मनात जोडली, तर आयतच मिळतो, काड्यांमधला कोन कितीही बदला. मग दोन्ही काड्या मध्यावर न ठेवता एका टोकापासून सारख्याच अंतरावर, समजा अडीच सेमीवर, एकमेकींवर ठेवा. काड्या त्याच, पण वरची बाजू आखूड झाली आणि आयत मोडला. मुलीच्या उत्तरात काय कमी होतं तेही यातून दिसतं. कर्ण एकरूप असून भागत नाही, त्यांनी एकमेकांना मध्यावर दुभागलंही पाहिजे.

सावधान: प्रतिउदाहरण म्हणून चौरस देऊ नका. चौरस हा आयतच असतो, त्यामुळे त्याने काहीच खोटं ठरत नाही. ही चूक मुलांइतकीच घाईत पत्र लिहिणाऱ्या शिक्षकांच्या हातूनही होते, आणि पालक अभियंता असले की ती तिथेच पकडली जाते.

सावधान: ‘व्यत्यास खरा नसतो’ असं सरसकट लिहू नका. ‘जर त्रिकोणाच्या दोन बाजू एकरूप असतील तर त्यांच्यासमोरील कोन एकरूप असतात’ याचा व्यत्यासही सत्य आहे, आणि तो पुस्तकात प्रमेय म्हणून सिद्ध केलेला आहे. सांगायचं ते एवढंच की मूळ विधान सत्य आहे यावरून व्यत्यासाबद्दल काहीच कळत नाही, तो वेगळा तपासावा लागतो. असत्य ठरवायला एक आकृती पुरते. सत्य ठरवायला शंभर आकृत्याही पुरत नाहीत, तिथे सिद्धता लागते.

## टप्पा ५: पत्र लिहा, याच क्रमाने

क्रम महत्त्वाचा आहे. आधी काय बरोबर आहे, मग गुण नेमका कुठे गेला, मग घरचं उदाहरण, मग आकृती, आणि शेवटी पूर्ण गुण मिळवून देणारं उत्तर. आकृती पहिली आली तर ती कशासाठी मोजायची हे पालकांना कळत नाही. पत्र एका पानात बसलं पाहिजे.

> प्रति,
> चि./कु. ________ यांचे पालक
>
> विषय: भूमिती चाचणीतील जर-तर प्रश्नाच्या गुणांबाबत
>
> सप्रेम नमस्कार.
>
> आपली चिठ्ठी मिळाली. उत्तरपत्रिका मी पुन्हा पाहिली. या प्रश्नात तीन भाग होते, प्रत्येकी एक गुण. पहिले दोन भाग आपल्या मुलीने पूर्ण बरोबर लिहिले आहेत आणि त्यांचे दोन्ही गुण तिला मिळाले आहेत. तिसऱ्या भागाचा एक गुण गेला आहे.
>
> तिसऱ्या भागात तिने ‘आयताचे कर्ण एकरूप असतात’ असे कारण दिले आहे. हे वाक्य खरे आहे आणि पुस्तकात आहे. पण प्रश्न त्याच्या उलट वाक्याबद्दल होता: कर्ण एकरूप दिसले, तर चौकोन आयतच आहे असे म्हणता येईल का?
>
> पाऊस पडला तर अंगण ओले होते. पण अंगण ओले दिसले म्हणून पाऊस पडलाच असे म्हणता येत नाही, सडाही घातलेला असू शकतो. तसेच इथे आहे. आयत असला तर कर्ण एकरूप असतातच. पण कर्ण एकरूप असलेला चौकोन आयत नसूही शकतो.
>
> सोबत एक आकृती काढून दिली आहे. तिचे दोन्ही कर्ण पट्टीने मोजावेत, प्रत्येकी ५ सेमी भरतील. खालची बाजू ६ सेमी आणि वरची २ सेमी आहे, म्हणून हा आयत नाही.
>
> पूर्ण गुणांचे उत्तर असे: ‘असत्य. कारण समद्विभुज समलंब चौकोनाचे कर्ण एकरूप असतात, पण तो आयत नसतो.’ सोबत आकृती काढली तरी चालते.
>
> घरच्या बोलण्यात आपण सगळेच ‘तर’ म्हणतो आणि ‘तरच’ समजतो, त्यामुळे ही चूक बऱ्याच मुलांकडून होते. आकृतीखाली एक छोटा प्रश्न दिला आहे. तो तिने स्वतः सोडवून आणावा. काही शंका असल्यास शाळा सुटल्यानंतर जरूर भेटावे.
>
> आपली,
> (सही)
> गणित शिक्षिका

‘लक्ष देत नाही’, ‘पाठांतर करते’, ‘सराव कमी पडतो’ असली वाक्यं यात घालू नका. एका गुणाच्या पत्रातून मुलीच्या स्वभावाचा निकाल लावला, की घरी चर्चा भूमितीची राहत नाही आणि मुलीला बोलणी बसतात.

## टप्पा ६: पाठवण्यापूर्वी

पत्र गणित न शिकवणाऱ्या सहकाऱ्याला वाचायला द्या. स्टाफरूममध्ये मराठीच्या किंवा इतिहासाच्या बाई असतातच. वाचून झाल्यावर एकच विचारा: ‘गुण का गेला, सांगा बघू.’ त्यांनी ‘व्यत्यास चुकला म्हणून’ असं उत्तर दिलं, तर पत्र अजून झालेलं नाही, कारण व्यत्यास चुकलेलाच नव्हता. ‘उलट वाक्याचं कारण मागितलं होतं, तिने सुलट वाक्याचं दिलं’ असं काही म्हणाल्या, तर पाठवा.

आकृती स्वतः मोजून बघा. शिसपेन बोथट असेल तर कर्ण ४.८ आणि ५.१ भरतात, आणि मग सगळं मुसळ केरात.

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे पत्र टाकू नका, नाव झाकूनसुद्धा नको. अक्षरावरून मुलं ओळखतात. बंद लिफाफा द्या, किंवा फक्त त्या पालकांना पाठवा.

## टप्पा ७: आकृतीखालचा प्रश्न आणि परत आलेलं उत्तर

मी हा प्रश्न देते: ‘समभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना लंब असतात.’ याचा व्यत्यास लिहा. तो सत्य की असत्य, आकृती काढून सांगा.

व्यत्यास असत्य आहे. पतंगाचे कर्णही परस्परांना लंब असतात, पण त्याच्या चारही बाजू एकरूप असतीलच असं नाही. उदाहरणार्थ, आडवा कर्ण ४ सेमी आणि उभा ६ सेमी घ्या. उभा कर्ण आडव्याला बरोबर मध्यावर काटकोनात छेदतो, पण स्वतः वर २ आणि खाली ४ सेमी असा विभागला जातो. टोकं जोडली की पतंग तयार.

परत आलेली वही उघडल्यावर आधी आकृती बघा, वाक्य नंतर. पतंग काढला असेल, किंवा लंब कर्णांचा दुसरा कोणताही वेडावाकडा चौकोन काढला असेल, तर मुलगी उलट वाक्य वेगळं तपासायला शिकली. पण पत्रातलाच ६ आणि २ सेमीचा समलंब चौकोन पुन्हा उतरवला असेल, तर तिने फक्त उत्तर लक्षात ठेवलं आहे. त्या आकृतीचे कर्ण काटकोनात छेदत नाहीत, कोनमापक लावला की दिसतं. अशा वेळी दुसरं पत्र लिहू नका. मधल्या सुट्टीत तिला बोलवा, दोन काड्या तिच्या हातात द्या आणि त्या काटकोनात धरून काय काय चौकोन होतात ते तिलाच करून बघू द्या.